प्रश्न आधी कोणता?

आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या पावसाळ्यात एक छोटासा प्रयोग झाला आणि तो पहिल्या दिवशी साफ फसला. तो का फसला आणि नंतर कसा सावरला, एवढेच आज सांगायचे आहे. शिक्षक मंडळींना त्याचा वर्गात उपयोग होईल. इतरांना निदान ठेवीच्या विम्यासंबंधी चार उपयोगी गोष्टी कळतील.

आमच्याकडे मालवण किनाऱ्यावर पैसा येतो तो हंगामाने. मासळीचा हंगाम, आंब्याचा हंगाम, आणि चतुर्थीला घरी येणाऱ्या चाकरमान्याने आणलेली गाठ. हा पैसा कोणी बँकेत ठेवतो, कोणी पतसंस्थेत, कोणी दोन्हीकडे. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली, तेव्हापासून हा पैसा सुरक्षित आहे की नाही, ही विचारणा गावागावांतून होऊ लागली. त्याचे अधिकृत उत्तर तयार आहे. ‘ठेव विमा आणि पत हमी महामंडळ’ ही रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीची संस्था आहे. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे एक पत्रक तिने उत्तरांसह प्रसिद्ध केलेले आहे. माहिती अचूक, भाषा कायद्याची.

महाविद्यालयातल्या आमच्या मुलांनी ठरवले, या पत्रकाचा व्हिडिओ करावा. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. प्रश्नही तयार, उत्तरेही तयार, मग आणखी काय हवे? त्यांनी पत्रक मराठीत उतरवले आणि त्याच क्रमाने कॅमेऱ्यापुढे वाचले. रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या भिंतीवर ते दाखवले. पहिल्या पाच मिनिटांत निम्मे लोक आपापसांत गजाली करू लागले. शेवटी मासळी बाजारात बसणाऱ्या एक काकी उठल्या नि म्हणाल्या, “मास्तरांनू, ह्या सगळा खरा. पण माझे पैशे माका गावतले काय नाय, ता सांगा.”

गंमत अशी की, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या व्हिडिओत होते, पण ते चार ठिकाणी विखुरलेले होते.

आता असे का व्हावे? छापील पत्रक वाचणारा माणूस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाही. त्याची नजर पानावरून फिरते, आपला प्रश्न सापडला की तिथे थांबते आणि बाकीचे सोडून देते. किराणा दुकानात आपण जसे हवे त्या फळीवरून हवी ती पुडी उचलतो, तसेच ते. अशा ठिकाणी पुड्यांचा क्रम कसाही असला तरी अडत नाही. व्हिडिओ पाहणाऱ्याला मात्र ही मोकळीक नसते. त्याच्यापुढे एकामागून एक वाक्य येते आणि निघून जाते. तिसरे उत्तर समजायला नववे आधी ऐकलेले असावे लागत असेल, तर त्याचे तिसरेही जाते आणि नववेही जाते. म्हणून पत्रकाची संहिता करायची म्हणजे मुख्य काम भाषांतराचे नव्हे, क्रम लावण्याचे.

हे काम आम्ही कागदाच्या चिठ्ठ्यांवर केले. पत्रकातला एकेक प्रश्न एकेका चिठ्ठीवर लिहिला. उत्तर लिहिले नाही. त्याऐवजी चिठ्ठीच्या तळाशी एकच गोष्ट लिहिली: हे उत्तर कळायला ऐकणाऱ्याला आधी काय ठाऊक असले पाहिजे? उदाहरण घ्या. पत्रकात एक प्रश्न असा आहे की, एकाच बँकेत वेगवेगळी खाती उघडून विम्याचे संरक्षण वाढवता येते का? याच्या तळाशी काय येईल? एक, संरक्षणाला मर्यादा आहे हे ठाऊक हवे. दोन, एका माणसाची सगळी खाती एकत्र मोजतात हे ठाऊक हवे. म्हणजे ही चिठ्ठी त्या दोन चिठ्ठ्यांच्या आधी येऊ शकत नाही. अशा रीतीने प्रत्येक चिठ्ठी आपल्या आधी कोण हवे ते स्वतःच सांगू लागते. ज्या चिठ्ठीच्या तळाशी काहीच लिहावे लागत नाही, ती पहिली.

तळाची ओळ लिहिताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. काही प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी आतून एकच होते. वेगवेगळ्या शाखांतली खाती एकत्र धरतात का, आणि विमा फक्त मुदलाचा की व्याजाचाही, या दोन्ही प्रश्नांचा गाभा ‘मोजताना काय काय धरतात’ हाच आहे. त्यांची आम्ही एक चिठ्ठी केली. याच्या उलट, एका उत्तरात दोन विषय कोंबलेले होते. कोणत्या बँकांना विमा आहे, या पहिल्याच उत्तरात व्यापारी बँका, परदेशी बँकांच्या इथल्या शाखा, ग्रामीण बँका, सहकारी बँका अशी यादी आहे, आणि त्या यादीच्या शेपटाशी एक छोटे वाक्य आहे की, प्राथमिक सहकारी संस्थांना हा विमा नाही. शहरातल्या वाचकाच्या दृष्टीने ते वाक्य शेपूट असेल. आमच्या तालुक्यात मात्र तेच डोके आहे. कारण आपली पतसंस्था याच वाक्यात येते. पासबुक तसेच, काउंटर तसाच, व्याज कदाचित थोडे अधिक, पण महामंडळाचा विमा तिथल्या ठेवीला नाही. आम्ही त्या वाक्याची स्वतंत्र चिठ्ठी केली आणि ती वर घेतली.

काही चिठ्ठ्या बाजूलाही ठेवल्या. परदेशी सरकारांच्या ठेवी, बँकांनी एकमेकींत ठेवलेल्या ठेवी यांना विमा नाही, हे खरे. पण वाचनालयात बसलेल्या एकाही माणसाला त्याची गरज नव्हती. बाजूला ठेवताना एक पथ्य पाळावे. जे सोडले आहे त्याने ठेवलेले खोटे ठरत नाही ना, एवढे पाहावे. परदेशी सरकारांचा मुद्दा सोडल्याने काकींच्या उत्तरात फरक पडत नाही. पतसंस्थेचा मुद्दा सोडला असता तर उत्तर सरळसरळ खोटे झाले असते.

आता क्रमाची खरी कसोटी जिथे लागली, तो प्रसंग सांगतो. मर्यादेचा प्रश्न पत्रकात अगदी आरंभी आहे. एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, जास्तीत जास्त पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची आहे. त्याआधी १९९३ पासून ती एक लाख होती, आणि १ जानेवारी १९६२ ला ही योजना सुरू झाली तेव्हा फक्त दीड हजार रुपये होती. पुढे बऱ्याच अंतराने पत्रकात दुसरा प्रश्न येतो: ठेवीदाराकडून बँकेचे येणे असेल तर ते वजा होते का? उत्तर आहे, होय.

आमच्या मुलांनी पहिल्या संहितेत हाच क्रम ठेवला आणि समजावण्यासाठी एक उदाहरण रचले. एक मच्छिमार आहे. त्याच्या बचत खात्यात १,२०,००० रुपये आहेत, मुदतठेवीत ३,६०,००० आहेत आणि त्या दिवसापर्यंत व्याज ४०,००० झाले आहे. एकूण ५,२०,०००. त्याने होडीच्या इंजिनासाठी याच बँकेचे कर्ज काढलेले असून बँकेचे त्याच्याकडून ८०,००० येणे आहे. मग त्याला किती मिळतील? मुलांनी क्रमाने हिशेब केला. आधी मर्यादा शिकवलेली, म्हणून ५,२०,००० चे झाले ५,००,०००. नंतर कर्जाचा प्रश्न आला, म्हणून त्यातून ८०,००० गेले. उत्तर आले ४,२०,०००.

वाचनालयात नेहमी येणारे एक निवृत्त बँक कर्मचारी हे पाहत होते. ते म्हणाले, “अहो, त्या माणसाचे वीस हजार तुम्ही कुठे टाकलेत?”

पत्रकात उत्तर स्पष्ट आहे. येणे वजा करून जी रक्कम उरते, तिला विमा लागू होतो. म्हणजे आधी ५,२०,००० मधून ८०,००० काढायचे. उरतात ४,४०,०००. ही रक्कम पाच लाखांच्या आतच आहे, म्हणून ती सगळी मिळणार, आणि वर कर्जही फिटलेले. मुलांचे वाक्यन् वाक्य बरोबर होते. एकही आकडा चुकीचा वाचला गेला नव्हता. केवळ दोन प्रश्नांची जागा चुकल्यामुळे ऐकणाऱ्याच्या हिशेबात वीस हजारांची खोट आली. पत्रकात तसा क्रम असणे ही चूक नव्हे, कारण तिथे प्रत्येक उत्तर आपापल्या जागी पुरे आहे. पण एकामागून एक ऐकणारा माणूस क्रमालाच कृती समजतो. जे आधी सांगितले ते आधी करायचे, असे तो धरून चालतो. भाताच्या पेजेची कृती सांगताना मीठ आधी की तांदूळ आधी, हे जसे, तसेच.

यातून आम्ही पहिला नियम घेतला. ज्या प्रश्नांच्या उत्तरांतून हिशेब किंवा कृती होते, ते प्रश्न त्या हिशेबाच्याच क्रमाने यावेत. आधी काय काय मोजतात, मग त्यातून काय वजा होते, आणि मग उरलेल्यावर मर्यादा.

पण नुसता हिशेबाचा क्रम पुरत नाही. दुसरा एक क्रम असतो, तो ऐकणाऱ्याच्या मनाचा. त्याचे उदाहरण संयुक्त खात्याचे. पत्रकात म्हटले आहे की, ‘त्याच अधिकारात आणि त्याच हक्काने’ ठेवलेल्या ठेवी एकत्र मोजतात, आणि अधिकार व हक्क वेगळे असतील तर वेगवेगळ्या मोजतात. साध्या भाषेत सांगायचे तर, माझ्या एकट्याच्या नावावरची सगळी खाती एका गाठोड्यात. माझ्या एकट्याच्या मालकीच्या दुकानाचे खातेही त्याच गाठोड्यात. पण मी आणि माझी पत्नी अशा दोघांच्या नावाचे खाते हे दुसरे गाठोडे, आणि अज्ञान मुलाचा पालक म्हणून मी चालवलेले खाते हे तिसरे. प्रत्येक गाठोड्याला पाच लाखांची मर्यादा स्वतंत्र. शुद्ध हिशेबाने पाहिले तर गाठोडी वेगळी करणे हे मर्यादेच्या आधीचे काम आहे. तरी आम्ही ही चिठ्ठी मर्यादेच्या नंतर ठेवली. का? तर मर्यादा आहे हे कळल्याशिवाय गाठोडी वेगळी का करायची, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. आधी सांगितले तर त्याला ती कायद्याची कटकट वाटते. पाच लाखांचा आकडा ऐकला की तोच उलटून विचारतो, “पण आमचं तर दोघांच्या नावाचं खातं आहे, त्याचं काय?” प्रश्न त्याच्या तोंडी आला की उत्तराला जागा तयार झाली.

मग इथे पहिला नियम मोडला नाही का? नाही. आमच्या उदाहरणातल्या मच्छिमाराचे खाते एकट्याचे होते, त्यामुळे त्याचा हिशेब गाठोडी न सोडता पुरा झाला. पुढच्या उदाहरणात गाठोडी वेगळी केली. सोपे प्रकरण आधी पूर्ण करावे आणि मग त्यात एकच नवी अडचण घालावी, हे शिक्षकांना नव्याने सांगायला नको.

अशा रीतीने चिठ्ठ्या जमिनीवर मांडून आमचे अकरा प्रश्न ठरले. बँकेवर निर्बंध आले म्हणजे माझे पैसे गेले का? मग हा विमा माझ्या ठेवीला आहे का, बँकेत आहे ती आणि पतसंस्थेत आहे ती? माझी बँक विम्यात आहे हे कसे ओळखायचे? मी तर कधी हप्ता भरला नाही, मग विमा कसा? मोजताना काय काय धरतात? माझे कर्ज असेल तर? उरलेल्यापैकी जास्तीत जास्त किती मिळेल? पण खाते दोघांच्या नावावर असेल तर? आणि ठेवी दोन वेगवेगळ्या बँकांत असतील तर? पैसे कधी मिळतील? आणि शेवटचा, त्यासाठी मी कुठे जायचे नि काय करायचे?

क्रम बरोबर लागला की नाही, हे ओळखायची एक सोपी युक्ती आम्हाला सापडली. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी, मागच्या उत्तराशी जोडणारा एक शब्द घालून पाहा. ‘मग’ बसतो का? ‘पण’ बसतो का? ‘म्हणजे’ बसतो का? यातला एखादा सहज बसला, तर नवा प्रश्न मागच्या उत्तरातूनच निघाला आहे. ‘मग’ म्हणजे पुढची पायरी, ‘पण’ म्हणजे शंका, ‘म्हणजे’ म्हणजे खुलासा. यांपैकी एकही बसेना आणि ‘आणखी एक’ किंवा ‘आता दुसरी गोष्ट’ असेच म्हणावे लागू लागले, तर समजावे की तिथे माळेचा दोरा तुटला आहे. आमच्या अकरांत असा तुटका दोरा एकदाच आला, हप्त्याच्या प्रश्नापाशी. तो आम्ही आधी शेवटी ठेवला होता. तिथे ‘आणखी एक’शिवाय काही बसेना. पण माझी बँक विम्यात आहे, असे कळताच माणसाच्या मनात येतेच, “पण हप्ता तर मी कधी दिलाच नाही!” म्हणून तो चौथा केला. उत्तर एका वाक्याचे आहे: हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून तो घ्यायचा नसतो.

आपल्याकडचा दशावतारी नट लिहिलेले संवाद पाठ करीत नाही. समोरचा काय बोलला ते ऐकून त्याच्या बोलण्यातूनच तो आपले पुढचे वाक्य काढतो. म्हणून रात्रभराचे नाटकही तुटत नाही. प्रश्नोत्तराची संहिता लिहिणाऱ्याने प्रश्न विचारणाऱ्याला असाच कान द्यावा. पत्रकातला प्रश्नकर्ता काहीच ऐकत नाही. एक प्रश्न विचारतो, उत्तर मिळते, नि तो दुसरीकडेच वळतो.

क्रम लागल्यावर मग लिहिणे. कागद उभा दुभागावा. डाव्या बाजूला ‘चित्र’, उजव्या बाजूला ‘आवाज’. आमच्या मुलांनी घड्याळ लावून मोठ्याने वाचले, तेव्हा समजेल अशा गतीने मिनिटाला साधारण ११० शब्द होतात असे दिसले. एका प्रश्नोत्तराला पाऊणशे शब्द धरले तर अकरांचे सव्वाआठशे, म्हणजे साडेसात मिनिटे झाली. यापेक्षा लांब झाले तर लोक उठतात, हे आम्ही पहिल्या दिवशी पाहिलेच होते. कर्जाच्या प्रश्नाची उजवी बाजू शेवटी अशी उतरली:

काकी: म्हणजे बचत, मुदतठेव, व्याज सगळं एकत्र धरलं. पण माझ्या घोवान इंजिनाक कर्ज काढला हा, त्याचा काय?

मास्तर: खातं नि कर्ज दोन्ही त्यांच्याच नावावर आहेत ना? मग बँकेचं जे येणं असेल ते आधी वजा होतं. ठेव नि व्याज मिळून पाच लाख वीस हजार. त्यातून येणं ऐंशी हजार गेलं. उरले चार लाख चाळीस हजार. आता ह्या उरलेल्या रकमेला विमा लागू.

काकी: मग हे सगळे गावतले?

मास्तर: त्याला मर्यादा आहे. ती आता सांगतो.

डाव्या बाजूला चित्र फक्त एक: पाटीवर खडूने मांडलेली वजाबाकी. माणूस जे बोलतो आहे तेच पाटीवर त्याच क्षणी उमटावे, आधी नाही. पूर्ण हिशेब आधीच दिसला तर लोक शेवटचा आकडा वाचतात नि बोलणे ऐकत नाहीत. आणखी एक पाहा. शेवटच्या उत्तराने पुढच्या प्रश्नाचे दार किलकिले केले आहे. ‘मर्यादा’ हा शब्द त्याने उच्चारला, पण आकडा हातचा राखला. प्रत्येक उत्तराच्या शेवटी असे करू नये, कृत्रिम वाटते. पण जिथे दोन पायऱ्यांचा क्रम मोडला तर नुकसान होते, तिथे ही जोडणी अवश्य करावी.

आता उत्तर छोटे करताना काय बिघडते, ते सांगतो. आमचा दहावा प्रश्न, पैसे कधी मिळतील? मुलांनी लिहिले, ‘नव्वद दिवसांत.’ ऐकायला छान. पण ते अर्धेच खरे. कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०२१ पासून ती अमलात आली. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेतून ठेवी काढण्यावर निर्बंध घातले, तर निर्बंधाच्या दिवसापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. पहिल्या पंचेचाळीस दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या तीस दिवसांत महामंडळाने ती तपासायची आणि उरलेल्या पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. पण त्या बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण वगैरे करायचे ठरत असेल, तर ही मुदत आणखी नव्वद दिवसांपर्यंत वाढू शकते. आणि बँकेचा परवानाच रद्द होऊन ती अवसायनात निघाली, तर वाट वेगळी: अवसायकाने तीन महिन्यांत यादी द्यायची आणि यादी मिळाल्यापासून दोन महिन्यांत महामंडळाने पैसे द्यायचे.

एवढे सगळे पाऊणशे शब्दांत कसे सांगणार? अटी गाळून नव्हे. आम्ही असे लिहिले: “बँक चालू आहे पण पैसे काढायला बंदी आहे, अशा वेळी साधारण नव्वद दिवस. कधी ही मुदत दुप्पटही होते. बँकच बंद झाली, तर पाच महिन्यांपर्यंत धरून चला.” तपशील गेला, पण अट राहिली. गाळणी अशी हवी की, ऐकणारा ज्या आकड्यावर घरचा बेत आखणार, त्या आकड्याची अट त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात आली पाहिजे. अट शेवटी सांगू म्हटले तर तोवर माणसाने नव्वद दिवस मनाशी पक्के केलेले असतात.

दुसरा बिघाड शब्दांचा. जो शब्द अजून उलगडला नाही, तो आधीच्या उत्तरात चोरपावलाने येतो. ‘अवसायक’ हा असाच एक. त्याला शोधण्याचा उपाय म्हणजे संहिता उलटी वाचायची, शेवटापासून आरंभाकडे. ज्या ठिकाणी एखादा शब्द समजावला आहे, तिथे खूण करायची. त्या खुणेच्या वर तो शब्द कुठे आढळला, तर एक तर समजावणे वर न्यावे, नाहीतर तो शब्द काढावा. आम्ही ‘अवसायक’ काढलाच. ‘बँक गुंडाळायला नेमलेला अधिकारी’ म्हटले आणि काम भागले.

तिसरी गोष्ट तारखेची. मर्यादेचा आकडा सरकार बदलू शकते, आजवर अनेकदा बदललेला आहे. व्हिडिओ मात्र वर्षानुवर्षे फिरत राहतो. म्हणून पाच लाखांचा आकडा आम्ही सातव्या प्रश्नात आणि त्याच्या लगतच्या दोन प्रश्नांतच येऊ दिला. पहिल्या उत्तरात नुसते ‘ठरावीक मर्यादेपर्यंत’ म्हटले. उद्या मर्यादा बदलली तर तीन तुकडे नव्याने चित्रित करून जोडता येतील, बाकीचे आठ तसेच राहतील. आणि आरंभीच्या पाटीवर संहिता लिहिल्याचा महिना नि वर्ष घातले.

आपल्या आकाशवाणीला हे सगळे अगदी नवे आहे, असे नाही. १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांसाठी शेतकी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला होता. गावकरी कार्यक्रम एकत्र ऐकत, चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्या शंका गावातून आलेल्या असत, म्हणून त्यांना बोलण्याचा ओघ असे. कार्यालयातून आलेल्या पत्रकाला तो ओघ आपल्याला मिळवून द्यावा लागतो, एवढाच फरक.

म्हणून शेवटची तपासणीही आम्ही गावातच केली. व्हिडिओ काढण्याआधी संहिता काकींना वाचून दाखवली. एक उत्तर वाचायचे नि थांबायचे. पुढचा प्रश्न सांगायचा नाही. “आता तुम्हाला काय विचारावंसं वाटतं?” एवढेच म्हणायचे. अकरांपैकी आठ ठिकाणी काकींनी आमच्या कागदावरचाच प्रश्न विचारला. दोन ठिकाणी त्यांनी वेगळे विचारले, तिथे आम्ही प्रश्नांची वाक्ये बदलली. पतसंस्थेच्या उत्तरानंतर मात्र त्यांनी काहीच विचारले नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझी अर्धी ठेव त्याच सोसायटीत आसा. ती काढूची काय ठेवूची?”

या प्रश्नाचे उत्तर महामंडळाच्या पत्रकात नाही. त्या पतसंस्थेचा ताळेबंद आणि लेखापरीक्षणाचा अहवाल पाहिल्याशिवाय ते कोणी देऊही नये. पत्रकात नसलेले उत्तर संहितेत घालायचे नाही, हे पथ्य आम्ही पाळले. पण दुसऱ्या उत्तराच्या शेवटी एक वाक्य वाढवले: “पतसंस्थेत ठेव असेल, तर सभासद म्हणून वार्षिक सभेला जा आणि लेखापरीक्षणाचा अहवाल मागा.” त्यानंतर तीन सेकंद आवाज बंद ठेवला, पडद्यावर नुसते पासबुक. ऐकणाऱ्याला आपल्या घरातली पासबुके आठवायला तेवढा वेळ लागतो.